रोवणीची गळती

भंडाऱ्याहून वरठीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा कारखाना होता. मोठा नव्हे. एक भट्टी, एक शेड, मागे रेतीचे ढीग आणि पुढे फाटकाजवळ माझी केबिन. लोखंडाचे सुटे भाग ओतायचे, घासायचे आणि मोठ्या कारखान्यांना पाठवायचे, एवढंच काम. साठ माणसं होती. सकाळी सायकली आणि मोटरसायकली फाटकातून आत यायच्या, आणि प्रत्येक जण माझ्या खिडकीतून आपलं पितळी टोकन घेऊन पुढं जायचा. टोकन खिळ्यावर राहिलं तर माणूस गैरहजर, टोकन गेलं तर हजर. संध्याकाळी ती हजेरी रजिस्टरात उतरवायची. हे माझं काम.

मी जतकडचा. ज्वारीचा मुलूख. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं इकडं आलो आणि राहिलो. बायको आणि मुलगी गावी सासऱ्यांकडे. मी कारखान्यात बसत असलो तरी कारखान्याचा नव्हतो, ठेकेदाराचा माणूस होतो. पगार ठेकेदार द्यायचा, कधी दहा तारखेला, कधी वीस. त्याच्या भरवशावर इथं खोली करून बायको-मुलीला आणायची छाती होत नव्हती. उद्या त्यानं 'येऊ नको' म्हटलं तर तिघांनी जायचं कुठं? मुलगी वर्षातून दोनदा मला बघायची आणि पहिले दोन दिवस आईच्या मागं लपायची.

त्या वर्षी मालकांनी दुसरी भट्टी टाकायचं ठरवलं. मालक तुमसरचे, घरची तांदळाची मिल. बापाच्या धंद्यातून निघून लोखंडात आलेले. बँकेनं कर्जाला हो म्हटलं, पण एक तक्ता मागितला. पुढच्या तीन वर्षांत किती माणसं घेणार, किती सोडून जाणार, पगार दरवर्षी किती वाढणार, आणि एकूण खर्च किती. विक्रीच्या मानानं पगाराचा आकडा एका मर्यादेच्या वर जाता कामा नये, असं बँकेच्या साहेबांनी सांगितलं होतं.

तक्ता करायचं काम आमच्या अकाउंटंट मॅडमकडे आलं. मॅडम एकोडीच्या, घरची दोन-चार एकर धानाची शेती. त्यांच्या घरात एम.कॉम. झालेल्या त्या पहिल्या. आजोबा दीक्षा घेतलेल्यांतले, 'शिका' हा शब्द घरात मिठासारखा असायचा, असं त्या सांगायच्या. भंडाऱ्यात खोली घेऊन राहायच्या आणि स्कूटीवर यायच्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मी त्यांना मॅडमच म्हणायचो.

एका दुपारी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या आणि बाकावर बसल्या.

"मागच्या वर्षी किती लोक गेले, ते रजिस्टर द्या."

मी दिलं. त्या पानं उलटत होत्या, मी चहा सांगायला उठलो तर म्हणाल्या, "बसा. तुमचंच काम आहे यात."

"माझं?"

"तक्त्यात एक ओळ आहे. टाइमकीपर, कायम, एक. मालकांनी सांगितलं टाकून पाहा म्हणून. आकडा मर्यादेत बसला तर राहील. नाही बसला तर सगळ्यात आधी तीच ओळ जाईल, हे पण सांगितलं."

माझे कान गरम झाले एवढं आठवतं. विचारलं, "दहावी लागंल का त्याला?"

"मी 'अनुभव' लिहिलं आहे," त्या रजिस्टरातून मान वर न करता म्हणाल्या. असे उपकार करताना माणसं वर बघत नाहीत, हे मी पुढंही पाहिलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी त्या एका ओळीवर जगलो. हिशेब कसा करतात ते मॅडमनी समजावून सांगितलं, कारण माहिती माझ्याकडून घ्यायची होती. वर्षाच्या सुरुवातीला किती माणसं, त्यात किती आली, त्यातून किती गेली, शेवटी किती उरली. गेलेल्या माणसांना वर्षातल्या सरासरी माणसांनी भागलं की गळतीचं प्रमाण. दुसऱ्या भट्टीसाठी तीस माणसं वाढवायची असली तरी भरती तीसचीच करून भागत नाही, गळून जाणाऱ्यांच्या जागाही भराव्या लागतात. आणि नवा माणूस फुकट येत नाही. डॉक्टरची तपासणी, बूट, कपडे, ठेकेदाराचं माणशी कमिशन, आणि शिकेपर्यंतचा एक महिना, ज्यात तो पगार पूर्ण घेतो आणि काम अर्धं करतो. असे माणशी नऊ हजार धरले होते. पगाराच्या वर मालकाचा पीएफचा वाटा, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद. हे सगळं वर्षाला आठ टक्क्यांनी वाढवत न्यायचं.

पहिला तक्ता झाला तेव्हा तिन्ही वर्षं मर्यादेच्या वर गेली. मॅडमनी मला ते सांगितलं, कारण न सांगता मी झोपलो नसतो हे त्यांना कळत होतं.

"गळतीच लय आहे," त्या म्हणाल्या. "साठातले सव्वीस गेले. शंभरात त्रेचाळीस. मालक म्हणतात, इथले लोक टिकतच नाहीत, तर दुसऱ्या भट्टीसाठी बाहेरून टोळी आणू. ठेकेदार तयारच बसला आहे."

तेवढ्यात भट्टीवरचा एक कारागीर हात पुसत खिडकीशी आला. मोहाडीकडचा, कारखान्यात सगळ्यात जुना, आणि सगळ्यात जास्त बोलणारा. त्याला अर्धी सुट्टी मांडायची होती.

"काय चालून राह्यलं टोकनवाले? मॅडमले काहून बसवलं या भट्टीत? तुमची केबिन आमच्या भट्टीपेक्षा गरम."

"लोक काहून सोडून जातात ते पाहून राहिलो," मॅडम म्हणाल्या. त्याच्याशी बोलताना त्यांची भाषा लगेच घरची व्हायची.

"कोण गेलं सोडून?"

मॅडमनी रजिस्टरातली नावं वाचली. तिसऱ्या नावाला तो हसायला लागला.

"बाप्पा, हा तं आत्ता माह्या बाजूले रेती चाळून राहिला. रोवणीले गेला होता. आम्ही सगळेच जातो. धान तं रोवाच लागते ना. तुम्हीच सांगा, तुमच्या एकोडीले कोण थांबते घरी?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "माझी माय पण थांबत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच, "आणि मी इथे बसून गळती मोजून राहिली."

रोवणी म्हणजे धानाची लावणी. जुलै लागला की ओल्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, रोपं लावायची घाई असते. मी ज्वारीचा माणूस. पहिल्या वर्षी टोकनांचा अर्धा फळा भरलेला पाहून मला वाटलं होतं की संप झाला. पण कारखान्याची पद्धत अशी होती की सलग पंधरा दिवस माणूस आला नाही तर त्याचं नाव कापायचं आणि परत आला की नवं टोकन द्यायचं. पद्धत माझ्या आधीपासूनची, मला तीत वेगळं काही दिसायचंच नाही. कागदावर तो जुना माणूस गेलेला आणि नवा माणूस आलेला. नव्याची तपासणी पुन्हा, बूट पुन्हा, पगार पुन्हा सुरुवातीच्या दरानं. आणि ठेकेदाराचं कमिशन पुन्हा, आपल्याच सायकलवर आलेल्या माणसाचं.

मॅडम आणि मी दोन दिवस जुनी-नवी टोकनं जुळवत बसलो. त्या नाव वाचायच्या, मी गाव आणि चेहरा सांगायचो. सव्वीसपैकी सतरा परत आलेले निघाले. खरे गेलेले नऊ. शंभरात पंधरा.

मला वाटलं, झालं. भरतीचा खर्च सतरा माणसांचा वाचला, माझी ओळ बसली. त्या संध्याकाळी मी बायकोला फोन केला, पण काही सांगितलं नाही. इकडच्या शाळेचं मनात धरून नुसतं विचारलं, मुलीला मराठी वाचता येतं का नीट. ती म्हणाली, "येतं की. तुमच्यापेक्षा चांगलं. का?" मी म्हटलं, "असंच."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा चेहरा पडलेला होता.

"बसलं नाही?"

"नाही. अहो, या सतरा जणांना आपण जुनेच धरलं ना? मग त्यांचा पगार पण जुनाच चालू राहतो. दरवर्षी सुरुवातीच्या दरावर येत होते ते आता वाढीसकट राहतील. त्यावर पीएफ, बोनस. इकडे भरतीत वाचलं तेवढं तिकडे पगारात गेलं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाढीवर वाढ लागून फरक वाढतच जातो."

मनात जे आलं ते आलं. जुनी पद्धत राहिली असती तर बरं झालं असतं, असं नव्हे. जुन्या पद्धतीतही माझी ओळ बसत नव्हती. पण कुठूनही गेलो तरी भिंत, असं वाटलं. बायकोला फोनवर 'असंच' म्हणालो ते बरं केलं, असंही वाटलं.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "हा आकडा खरा आहे. खऱ्या आकड्यावर काही तरी करता येते. खोट्यावर काय करणार?"

मग त्यांनी दुसरी ओळ काढली. तीस नवे लोक जूनमध्ये घ्यायचे, असं मालकांनी सांगितलं होतं. भट्टी दिवाळीला सुरू होणार, तोवर पोरं शिकून तयार. मॅडमनी त्या कारागिराला बोलावणं धाडलं. तो आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"जूनमध्ये तीस पोट्टे घेतले तर किती टिकतील?"

"जूनमध्ये?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी थट्टा करतोय की काय म्हणून. "जूनमध्ये आले तं जुलैत रोवणीले पळतील. तुम्ही शिकवान, अन् ते चिखलात जाऊन विसरतील."

"मग कधी घ्यायचे?"

"रोवणी उरकली का घ्या. सप्टेंबर लागला का घ्या. पुढं कापणीले आठ दिवस सुट्टी द्या, आळीपाळीनं. मंग पोट्टे कुठंच जात नाहीत. घरी राहून करतील काय, बायकोच्या शिव्या खातील?"

"तुम्ही खाता?"

"मी कामावर येतो तो कायले?" असं म्हणून तो गेला.

मॅडमनी हिशेब मांडला. आमच्याकडे आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं. जूनमध्ये घेतले तर पहिल्या वर्षात दहा महिन्यांचा पगार, सप्टेंबरमध्ये घेतले तर सात. तीस माणसांचे तीन-तीन महिने. शिवाय दोनदा शिकवायचा खर्च नाही. भट्टी सुरू व्हायला तरी दोन महिने शिकायला मिळतात, ते पुरे होते. पहिलं वर्ष मर्यादेच्या बरंच खाली आलं.

"पण भुलायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे फक्त पहिल्या वर्षाचं. दुसऱ्या वर्षी हेच लोक बाराही महिने पगार घेतील. तेव्हा आकडा एकदम उडी मारेल."

उडी त्यानं मारलीच. पण दुसऱ्या वर्षात एक गोष्ट सापडली. मॅडमनी आठ टक्के वाढ सगळ्यांना लावली होती. आमच्याकडे वाढ एप्रिलमध्ये मिळायची, पण पूर्ण वर्ष भरलेल्यालाच. सप्टेंबरमध्ये आलेल्याचं एप्रिलपर्यंत वर्ष भरत नाही. त्याची पहिली वाढ तिसऱ्या वर्षात. सरकारी किमान वेतनातला महागाईचा भाग मात्र त्यालाही वाढवून द्यावा लागतो, तेवढा ठेवला आणि बाकी वाढ काढली. दुसरं वर्ष रेषेवर आलं, जेमतेम खाली.

तिसरं वर्ष वर राहिलं. थोडंसंच. जवळजवळ एका माणसाच्या वर्षभराच्या पगाराएवढं.

तो एक माणूस कोण, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

मॅडम तक्ता घेऊन मालकांकडे गेल्या आणि मलाही घेऊन गेल्या. मी 'कशाला' म्हटलं तर म्हणाल्या, "टोकनांचं विचारलं तर कोण सांगेल?" मालकांच्या केबिनमध्ये मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो. मालकांनी 'बसा' म्हटलं तरी उभाच राहिलो. बसलो असतो तर उठता आलं नसतं.

मालकांनी रोवणीचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"माझा बाप पन्नास वर्षं धान घेऊन राहिला. अन् मी जूनमध्ये भरती करून राहिलो. बापाले सांगू नका." मग ठेकेदाराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा परत आलेल्या माणसाचे पण कमिशन घेत होता?"

"कागदावर ते नवेच होते, सर," मॅडम म्हणाल्या.

"आता बंद. रोवणीले जाणाऱ्याले सुट्टी लिहा, बिनपगारी. नाव कापू नका. टोकन तेच." एवढं मोठं त्यांनी एका दमात उरकलं. बाहेरून टोळी आणायची गोष्ट निघालीच नाही पुन्हा.

मग तिसऱ्या वर्षावर आले. मी त्यांच्या पेनाचं टोक बघत होतो. ते माझ्या ओळीपाशी गेलं आणि तिथंच थांबलं.

"ही जागा पहिल्या वर्षी देऊन तिसऱ्या वर्षी काढता येत नाही," ते म्हणाले. "द्यायची तर द्यायची."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता.

पेन खाली सरकलं, ठेकेदार खर्चाच्या ओळीवर. मालकांनी मान वर करून मला विचारलं, "तुमचा पगार आत्ता कोण देते?"

"ठेकेदार, साहेब."

"अन् ठेकेदाराले कोण देते?"

मी मॅडमकडं पाहिलं.

"आपण देतो," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मंग हा माणूस वरच्या ओळीत पण आहे अन् खालच्या ओळीत पण आहे. एका माणसाले दोनदा काहून मोजून राहिलो आपण? इतका मोठा दिसतो काय तो?"

मॅडम हसायला लागल्या. मालकही हसले. मला हसू आलं नाही, पण आता मी खुर्चीत बसलो. ठेकेदाराच्या ओळीतून माझा पगार आणि त्यावरचं त्याचं कमिशन वजा झालं. माझा नवा पगार, पीएफ, बोनस धरूनही वाढणारा फरक थोडा होता. तिसरं वर्ष रेषेच्या खाली आलं, बोटभर.

"सप्टेंबरपासून," मालक म्हणाले. "बाकीच्या तिसांसोबत. कर्ज मंजूर झालं तर."

ते 'तर' घेऊन मी आणखी दीड महिना काढला. बँकेनं मंजुरी दिली त्या दिवशी मॅडमनी खिडकीतून पेढा आत दिला आणि नेहमीसारखं वर न बघता म्हणाल्या, "आता घरी सांगा."

सांगितलं. बायको म्हणाली, "पगार कितव्या तारखेला?"

"सातच्या आत."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"मग खोली बघा. उजेडाची बघा. पोरीला अभ्यासाला लागतो."

दिवाळीनंतर त्या दोघी वरठीच्या स्टेशनवर उतरल्या. शाळेत वर्षाच्या मध्येच नाव घालायला मॅडम स्वतः सोबत आल्या. मला शाळेच्या ऑफिसात बोलायची भीती वाटते हे त्यांना न सांगता कळलं होतं. मुलगी पंधरा दिवसांत 'मले' आणि 'तुले' करायला लागली आणि आईला हसायला लागली.

तक्ता काही जसाच्या तसा खरा झाला नाही. महागाईचा भाग धरला होता त्याहून जास्त वाढला, आणि भट्टी दिवाळीला नाही, संक्रांतीला पेटली. मॅडम दर मार्चला जुना तक्ता काढून खऱ्या आकड्याशेजारी ठेवायच्या आणि पुढची दोन वर्षं पुन्हा मांडायच्या. पण सप्टेंबरमध्ये आलेल्या तिसांतले बहुतेक टिकले. पुढच्या जुलैत रोवणीला गेले, टोकनं खिळ्यावर तशीच ठेवून, आणि ऑगस्टमध्ये चिखलानं फुटलेल्या पायांनी परत आले.

त्याच जुलैत एका सकाळी मी कामावर निघालो तर बायको माझ्या आधी उठून पदर खोचून तयार. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या.

"कुठं निघालीस?"

"रोवणीला. ह्या म्हणतात, हात चांगला चालतो माझा. काल थोडी रोपं लावून बघितली मी."

"तुला कुठं येतंय धानाचं? आपल्याकडं ज्वारी."

शेजारीण म्हणाली, "शिकवून राहिलो ना आम्ही. एका महिन्यात पक्की होते. तुम्ही डबा घ्या भाऊ, आज तुमचा तुम्हीच बांधा."

त्या बांधावरून एका ओळीत निघून गेल्या, मुलगी दप्तर घेऊन त्यांच्यामागं कोपऱ्यापर्यंत. मी भाकरी फडक्यात बांधली आणि फाटक उघडायला गेलो.